पंचेचाळीस टक्के नेमके कोणाचे?

*नमस्कार सर. मी कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. जूनमध्ये आमच्या शाळेतल्याच एका सरांची गाडी विकत घेतली. जुलै 2021 ची आहे, पेट्रोल, 1197 सीसी. आरसी माझ्या नावावर झाली. विमा ऑगस्टमध्ये संपत होता म्हणून सरांच्याच एजंटांकडून 'फर्स्ट पार्टी' करून घेतला, 7,563 रुपये भरले. कागद आला तर त्यावर फर्स्ट पार्टी हा शब्दच नाही, उलट थर्ड पार्टी तीन ठिकाणी छापलंय! आयडीव्ही 3,80,000 आणि एनसीबी 45 टक्के असं आहे. भाऊ म्हणतो, मोबाईलवर तीन लाख आयडीव्हीचा सहा हजार नऊशेला मिळत होता, तुला फसवलं. गाडी मिस्टर चालवतात, मला येत नाही आणि लायसन्सही नाही. कागदाचा फोटो जोडला आहे. खरंच फसवलंय का?*
*– एक शिक्षिका, कराड तालुका*

ताई, चूक झाली आहे, पण भाऊ बोट दाखवतात तिथे नाही. तुम्हाला पॉलिसी महाग पडलेली नाही, ती नको तितकी स्वस्त पडली आहे. ते 45 टक्के तुमचे नाहीतच. मी आयुष्यभर अपघातातल्या गाड्यांचे सर्व्हे केले, त्यामुळे शेड्युल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचा कागद, हातात आलं की माझी नजर आधी त्याच ओळीवर जाते. पण ती ओळ कळायला कागद कसा वाचायचा ते आधी बघू.

फर्स्ट पार्टी हा शब्द कागदावर सापडणार नाही, कारण तो आपल्याकडचा बोलीतला शब्द आहे. विम्याच्या करारात पहिला पक्ष तुम्ही, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे तुमच्या गाडीने ज्याचं नुकसान झालं तो कोणीही, रस्त्यावरचा सायकलवाला असो की समोरच्या गाडीतला माणूस. स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून मिळणार असेल तर लोक त्याला फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात. कागदावर त्याला पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी म्हणतात, आणि तुमच्या फोटोत अगदी वर तसं छापलेलंही आहे. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

आता प्रीमियमचा चौकोन बघा. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. डावीकडे ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान, आणि उजवीकडे लायबिलिटी, म्हणजे थर्ड पार्टी. या दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध फक्त बेरजेपुरता आहे. आयडीव्ही कमी केला, एनसीबी वाढला, कंपनीने डिस्काउंट दिला, तरी हे सगळं डाव्या रकान्यातच घडतं. उजव्या रकान्याला यातलं काहीही हात लावू शकत नाही.

उजवा रकाना लवकर आटपतो. तिथे पहिली ओळ 3,416 रुपयांची आहे. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीचा एक वर्षाचा हा थर्ड पार्टी दर सरकारने 1 जून 2022 पासून ठरवून दिलेला आहे. एजंट कितीही ओळखीचा असला, ॲप कितीही सवलतीचं असलं, तरी हा आकडा सगळीकडे तोच असतो. म्हणून दोन कोटेशनांची तुलना करताना ही ओळ सरळ झाकून ठेवावी. तुमच्या गाडीच्या धडकेत कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी देते, त्याला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र आहे, आणि तुमच्या कागदावर ती 7,50,000 छापली आहे. हे बरं आहे. काही जण शंभर रुपये वाचवायला ही मर्यादा कायद्यातल्या किमान 6,000 वर आणून ठेवतात. मग शेड्युलवर एंडॉर्समेंटच्या, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या बदलांच्या, ओळीत आयएमटी 20 असा आकडा येतो. दुसऱ्याच्या नव्या गाडीचा नुसता दिवा फुटला तरी सहा हजार संपतात, त्यामुळे तो आकडा दिसला तर काढून घ्यावा. तुमच्याकडे तो नाही.

त्याच रकान्यात 325 रुपयांची आणखी एक ओळ आहे, पीए ओनर-ड्रायव्हर, 15 लाख. पीए म्हणजे पर्सनल ॲक्सिडेंट. गाडीचा मालक स्वतः थर्ड पार्टी नसतो, म्हणून त्याच्या अपघाती मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी हे वेगळं संरक्षण सक्तीचं केलेलं आहे. पण त्याची अट अशी की मालकाकडे स्वतःचं चालू लायसन्स हवं. तुमच्याकडे ते नाही. म्हणजे हे संरक्षण तुम्हाला लागूच होत नाही, आणि मिस्टर मालक नसल्यामुळे त्यांनाही ते मिळत नाही. एजंटाने विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही, 325 रुपये गेले. ही ओळ काढून घ्या आणि त्याऐवजी मिस्टरांच्या नावाने पीए घ्या. आयएमटी 15 या एंडॉर्समेंटखाली नाव घालून ते देता येतं. आरसी एकाच्या नावावर आणि स्टिअरिंगवर दुसरा, अशा घरांत ही चूक मी सर्रास पाहिली आहे.

आता डाव्या रकान्याकडे वळू. इथे आयडीव्ही आणि एनसीबी हे दोनच आकडे तुमच्या कामाचे आहेत.

आयडीव्ही म्हणजे इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू. साध्या भाषेत, गाडी चोरीला गेली किंवा पार संपली तर कंपनी तुमच्या हातात किती ठेवणार तो आकडा. तो मनाला येईल तसा टाकलेला नसतो. तुमच्या मॉडेलची आजची एक्स-शोरूम किंमत घ्यायची, म्हणजे रजिस्ट्रेशन आणि विम्याचा खर्च सोडून, आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, मग दरवर्षी 20, 30, 40, आणि चार वर्षं ओलांडून पाचपर्यंत 50 टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो, मग कंपनी आणि तुम्ही बोलून रक्कम ठरवायची. तुमच्या गाडीची नोंदणी जुलै 2021 ची, पॉलिसी 18 ऑगस्ट 2025 पासूनची, म्हणजे चार वर्षं उलटून गेलेली. त्या मॉडेलची किंमत शेड्युलवर 7,60,000 दिलेली आहे. निम्मे म्हणजे 3,80,000. एजंटाने हा आकडा काटेकोर टाकलाय, त्याला नाव ठेवायला जागा नाही.

तुमच्या भावाच्या मोबाईलवर तीन लाख कुठून आले? कंपन्या या आकड्याच्या खाली-वर थोडी मोकळीक देतात आणि ॲपवर सरकवायची एक पट्टी असते. ती डावीकडे सरकवली की प्रीमियम उतरतो, आणि यादीत सगळ्यात वर दिसायचं तर ॲप ती आधीच डावीकडे सरकवून ठेवतं. किती उतरला ते तुमच्याच आकड्यांवर बघू. तुमच्या कंपनीने 3,80,000 वर कराडसारख्या ठिकाणचा टॅरिफचा दर लावला, 3.191 टक्के. मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरं वेगळ्या झोनमध्ये येतात आणि तिथे हाच दर 3.283 आहे. त्यावर तिने साठ टक्के डिस्काउंट दिला आणि ओन डॅमेजचा प्रीमियम 4,850 रुपये झाला. हाच हिशोब तीन लाखांवर केला तर 3,829 येतो. त्यातून एनसीबी वजा केला आणि 18 टक्के जीएसटी चढवला, की शेवटच्या बेरजेत फरक उरतो 663 रुपयांचा. ॲपवरचे सहा हजार नऊशे ते हेच.

म्हणजे भावाच्या मते तुम्ही 663 रुपये जास्त भरलेत. त्या बदल्यात गाडी चोरीला गेली तर 80,000 रुपये जास्त मिळतील. तुम्हीच सांगा कोणता सौदा बरा.

याची दुसरी बाजू लोक ध्यानात घेत नाहीत. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरली जाते, म्हणजे दुरुस्त करायची नाही, मोडीत धरायची. तुमच्या 3,80,000 वर ही रेघ 2,85,000 ला पडते. तीन लाखांवर ती 2,25,000 ला पडते. समजा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली. कृष्णा-कोयनेकाठच्या माणसाला 2019 चा ऑगस्ट आठवून द्यायला नको. सीट, वायरिंग, कंट्रोल युनिट सगळं गेलं आणि वर्कशॉपने 2,40,000 चं एस्टिमेट दिलं. तुमच्या आत्ताच्या पॉलिसीत ती गाडी दुरुस्त होईल. भावाच्या पॉलिसीत तीच गाडी टोटल लॉसमध्ये जाईल, हातात तीन लाखांतून कपात होऊन रक्कम येईल आणि तेवढ्यात त्याच वर्षाची तशीच गाडी शोधत बाजारात फिरावं लागेल. (पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारू नका, हे जाता जाता सांगतो. पाणी आत ओढून इंजिन अडकलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन असतं आणि ते तुमच्या कागदावर नाही.)

मग आयडीव्ही जितका जास्त तितका चांगला का? तसंही नाही. वर्षभरात आयडीव्ही कमी होत नाही. आज असो की अकराव्या महिन्यात, टोटल लॉसला छापलेला आकडाच धरतात. त्यामुळे तक्त्याच्या जवळपासचा आकडा पुरेसा आहे. उगाच चार लाखांवर नेलात तर जास्तीचा प्रीमियम वर्षभर भरायचा आणि तो फळाला येणार फक्त गाडी पूर्ण गेली तर. बारीकसारीक ठोकरीला आयडीव्हीचा उपयोग शून्य आहे. ते कसं, ते एका बंपरवर दाखवतो, कारण बहुतेकांचा पहिला क्लेम बंपरचाच असतो आणि चेक हातात आला की पहिलं भांडणही तिथेच होतं.

नवा बंपर 6,000, रंगकाम 4,000, मजुरी 1,500, एकूण 11,500. बंपर प्लास्टिकचा, आणि प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी निम्मा घसारा लागतो, म्हणून 3,000 कमी. रंगकामाच्या बिलातला पाव हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्या हिश्श्यावर निम्मा घसारा, म्हणजे 500 कमी. मजुरीला घसारा नाही. राहिले 8,000. त्यातून शेड्युलवर कंपल्सरी डिडक्टिबल म्हणून छापलेले 1,000 वजा, जे 1500 सीसीपर्यंतच्या प्रत्येक मोटारीला प्रत्येक क्लेमला जातात. हातात 7,000, खिशातून 4,500. तुमच्या गाडीच्या वयाला पत्र्यावरही 35 टक्के घसारा लागतो, काचेवर मात्र काही नाही. झिरो डेप नावाचं ॲड-ऑन घेतलं तर हा घसारा कापत नाहीत. पण या सगळ्या हिशोबात आयडीव्ही कुठे आला? कुठेच नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर स्वतःच्या गाडीचा क्लेम घेतला नाही की पुढच्या रिन्यूअलला ओन डॅमेजच्या प्रीमियमवर 20 टक्के सूट मिळते, दुसऱ्या वर्षी 25, मग 35, 45, आणि पाचव्या वर्षापासून 50, त्याच्यावर जात नाही. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला पुन्हा शून्य. शिडी चढायला पाच वर्षं, उतरायला एक बंपर. तुमच्या सरांनी गाडी 2021 ला नवी घेतली, 2022 ला 20, 2023 ला 25, 2024 ला 35 आणि यंदा त्यांनीच रिन्यू केली असती तर 45. एजंटाने नेमकं तेच केलं. जुनी फाईल उघडली, नाव बदललं आणि पुढची पायरी टाकली.

पण हा बोनस गाडीला मिळत नाही, माणसाला मिळतो. चार वर्षं गाडी सांभाळून चालवली ती सरांनी. गाडी विकली की त्यांचा बोनस त्यांच्याबरोबर जातो. ते आपल्या कंपनीकडून त्याचं पत्र घेऊ शकतात, ते तीन वर्षं चालतं आणि त्यांनी पुन्हा मोटार घेतली की तिच्या विम्यावर वापरता येतं. घेणाऱ्याला स्वतःची पात्रता असेल तेवढाच बोनस मिळतो. तुमच्या नावावर याआधी मोटार कधी नव्हती, तेव्हा तुमचा एनसीबी शून्य. याला एक अपवाद आहे. मालकाचा मृत्यू झाला आणि गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे आली, तर बोनसही त्यांच्याकडे येतो. शेजाऱ्याची, सहकाऱ्याची, चुलतभावाची गाडी पैसे देऊन घेतली तर येत नाही.

तुम्ही म्हणाल, मी कुठे मागितला, एजंटाने टाकला. पण पॉलिसी घेताना एक प्रतिज्ञापन असतं, आणि ओटीपी सांगितला की त्यावर तुमची सही झालीच. त्यात लिहिलेलं असतं की मी सांगितलेला एनसीबीचा दर बरोबर आहे, तो चुकीचा निघाला तर पॉलिसीच्या सेक्शन एकखालचे सगळे लाभ जप्त होतील. सेक्शन एक म्हणजे तोच डावा रकाना, तुमच्या गाडीचं नुकसान. थर्ड पार्टी शाबूत राहते, पण गाडी ठोकली तर भरपाई नाही.

आणि हे उघडकीस येतं. क्लेम आला, त्यातही मोठ्या रकमेचा आला, की कंपनी मागच्या कंपनीला एक ओळ विचारते, या माणसाचा बोनस तुमच्याकडे किती होता? तुमच्या बाबतीत उत्तर येईल, हा माणूस आमच्याकडे नव्हताच. आणि तुमच्या सरांनी तोवर आपलं पत्र नव्या गाडीला लावलं असेल, तर एकच बोनस दोन गाड्यांवर निघेल.

माझ्या हातून गेलेली अशी एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. पाटणच्या रस्त्याला गाडी झाडावर गेली होती, कोणाला लागलं नव्हतं. मी जाऊन फोटो काढले, एस्टिमेट तपासलं, एक लाख साठ हजारांच्या आसपास नुकसान काढलं. मालक भला माणूस, पेट्रोल पंपावर कॅशियर, गाडी घेऊन पाच महिने झालेले. शेड्युलवर 50 टक्के. मी विचारलं, भाऊ, तुम्ही याआधी किती वर्षं मोटार वापरता? म्हणाले, ही पहिलीच. मी पेन खाली ठेवलं. सर्व्हेअर नुकसान मोजतो, द्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. तिने नाही ठरवलं. दोन हजारांच्या बोनससाठी दीड लाख गेले, आणि तो बोनस त्यांनी मागितलाही नव्हता. पुढे ते ग्राहक आयोगात गेल्याचं कानावर आलं. पॉलिसी देताना कंपनीनेही मागच्या कंपनीकडे चौकशी करायची असते, ती केली नाही म्हणून आयोगांनी रकमेचा काही भाग द्यायला लावल्याची प्रकरणं आहेत. पण त्या भरवशावर गाडी चालवू नये.

तुमचा हिशोब काढला. एनसीबी काढला की डाव्या रकान्यात 2,668 च्या जागी 4,850 होतात. जीएसटी धरून सुमारे 2,575 रुपये तुम्हाला आणखी भरावे लागतील. भाऊ ऐकेल तेव्हा काय म्हणेल ते मला माहीत आहे. त्याला सांगा, त्याच्या ॲपवरच्या सहा हजार नऊशेतही हाच 45 टक्के बोनस धरलेला होता, आणि तोही खोटाच होता.

करायचं असं. एजंटाला फोन करा, पण नुसत्या फोनवर राहू नका. पॉलिसीवर छापलेल्या कंपनीच्या ईमेलवर स्वतःच्या ईमेलवरून लिहा, एजंटाला प्रत पाठवा. मजकूर एवढा पुरे: "माझ्या या क्रमांकाच्या पॉलिसीत 45 टक्के एनसीबी लावला गेला आहे. गाडी मी जून 2025 मध्ये विकत घेतली असून याआधी माझ्या नावावर मोटार विमा नव्हता. त्यामुळे मला एनसीबी लागू नाही. कृपया तो काढून फरकाची रक्कम कळवावी आणि एंडॉर्समेंट द्यावी. तसेच माझ्याकडे वाहन परवाना नसल्याने ओनर-ड्रायव्हर पीए रद्द करून माझ्या पतींच्या नावे पीए द्यावा." आरसीची प्रत जोडा. कंपनी रक्कम कळवेल, ती तिच्या लिंकवर किंवा शाखेत भरा, एजंटाच्या खात्यावर नको. मग एंडॉर्समेंटचा कागद येईल. तो आला की तीनच गोष्टी बघा. एनसीबीपुढे शून्य आहे का, तारीख कोणती आहे आणि मूळ पॉलिसीचा क्रमांक तोच आहे का. तो कागद शेड्युलला टाचून ठेवा, कारण नवं शेड्युल छापून दिलं नाही तर जुन्यावर 45 तसेच दिसत राहतात.

हे या आठवड्यात करा. अपघात झाल्यावर पाठवलेल्या अशा ईमेलला काही अर्थ राहत नाही. एजंट म्हणेल, "मॅडम, सगळे असंच करतात, काही होत नाही." खरंय, क्लेम आला नाही तर काही होत नाही.

पुढच्या ऑगस्टपर्यंत क्लेम घेतला नाहीत तर तुमच्या स्वतःच्या नावाचे पहिले 20 टक्के छापून येतील. त्या वेळी रिन्यूअल मुदतीत करा. मुदत संपून नव्वद दिवस उलटले तर तेही जातात. आणि मधल्या काळात बंपर घासला, तर वर दाखवलेले 7,000 आणि पुढच्या वर्षीच्या सवलतीचे साधारण हजार रुपये शेजारी मांडून ठरवा. यंदा क्लेम घेणं परवडेल. पाच वर्षांनी 50 टक्क्यांवर असताना हाच बंपर कदाचित खिशातून करावासा वाटेल.

सरांशी मात्र आज-उद्या स्टाफरूममध्ये बोला. त्यांचे 45 टक्के त्यांना माहीतही नसतील. गाडी विकल्याचा पुरावा घेऊन ते आपल्या जुन्या कंपनीकडे गेले तर पत्र मिळेल आणि पुढची मोटार घेताना त्यांच्या कामी येईल. आणि त्यांनी ते आधीच घेतलेलं असेल, तर तुमची ही दुरुस्ती किती निकडीची आहे ते तुम्हाला त्याच क्षणी कळेल.